हस्तलिखिताची झडती

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं माझे एक जुने स्नेही सुमारें दोनशें पानांचें एक बाड बगलेंत मारून माझ्या घरीं आले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें आणि मुठेच्या पुरानें निम्मेंअधिक पुणें धुवून नेलें, त्या दिवसाचा वृत्तांत त्यांनीं लिहिला होता. त्या वेळीं ते सात वर्षांचे होते. त्यांचें घर त्या पुरांत गेलें. आई आणि हीं दोन मुलें तेवढीं शेजाऱ्यांच्या माडीवर चढून वांचलीं. ती माउली आतां हयात नाहीं. तिनें वेळोवेळीं सांगितलेल्या हकीकती, जुन्या वर्तमानपत्रांतील कात्रणें आणि इकडून तिकडून जमविलेलीं छायाचित्रें यांवर हें पुस्तक उभें होतें.

"प्रकाशक छापावयास तयार आहेत," ते म्हणाले. "पण त्यांची अट अशी कीं मजकूर आधीं कोणाकडून तरी तपासून घ्यावा आणि चित्रांच्या परवानग्या आणाव्या. तुम्ही जन्मभर छापखान्याच्या सावलींत काढलात. एकदां नजर टाका, म्हणजे झालें."

श्रोतेहो, या "नजर टाका" शब्दांवर विश्वास ठेवून मी तें बाड ठेवून घेतलें, आणि पुढचे चार महिने आम्ही दोघेहि त्यांत बुडालों. त्या चार महिन्यांत काय घडलें, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

तपासणीची माझी रीत अगदीं जुनाट आहे. दोन पेन्सिली घ्यावयाच्या, एक निळी आणि एक तांबडी. जें जें चूक किंवा बरोबर ठरूं शकतें, म्हणजे नांव, तारीख, वार, अंतर, हुद्दा, कोणाच्या तोंडचें वाक्य, त्याच्याखालीं निळी रेघ. जें जें लेखकाचें स्वतःचें नाहीं, म्हणजे दुसऱ्याचा उतारा, दुसऱ्याचें चित्र, दुसऱ्यानें काढलेला आलेख, त्याच्याखालीं तांबडी. निळ्या रेघेपाशीं समासांत तिचा आधार कोणता, तें लिहावयाचें. तांबड्या रेघेपाशीं धनी कोण, तें लिहावयाचें. पहिल्याच पानावर तेरा निळ्या रेघा पडल्या आणि समासांत लिहावयास आधार अवघे दोन निघाले, तेव्हां माझ्या स्नेह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाकीचें सारें खोटें कीं काय?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "खोटें नव्हे. फक्त अजून कोणी पाहिलेलें नाहीं."

आधार कशाला म्हणावें, येथेंच बहुतेकांची गफलत होते. अमुक गोष्ट तीन पुस्तकांत आहे, म्हणून ती खरी, असें आपणांस वाटतें. परंतु दुसऱ्यानें पहिल्याचें आणि तिसऱ्यानें दुसऱ्याचें उतरून घेतलें असेल, तर साक्षीदार एकच राहतो. तिन्ही पुस्तकांत एकच चमत्कारिक शुद्धलेखन किंवा एकच चूक आढळली, कीं खुशाल समजावें, हे तिघे भाऊ आहेत. म्हणून शक्य तितकें त्या दिवसाच्या जवळ जावें. पण जवळचा कागद नेहमींच खरा असतो, असेंहि नाहीं. पुरासारख्या प्रसंगीं पहिल्या दोनतीन दिवसांचीं वर्तमानपत्रें अफवांनीं भरलेलीं असतात, कारण बातमीदारहि पाण्यांतच उभा असतो. लोक काय बोलत होते आणि काय समजत होते, हें जाणावयास तीं उत्तम. धरणाला भगदाड किती वाजतां पडलें, हें ठरवावयास मात्र मागाहून साक्षीपुरावे घेऊन बसलेल्या चौकशीचा अहवाल अधिक भरंवशाचा.

पहिली चूक पहिल्याच ओळींत निघाली. लेखकांनीं लिहिलें होतें, "त्या गुरुवारीं सकाळीं." १२ जुलै १९६१ ला बुधवार होता. ही चूक अशी कीं ती सांपडावयास ग्रंथालयाची पायरीहि चढावी लागत नाहीं, आणि न सांपडली तर जाणता वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटून ठेवतो. तारखेबरोबर वार दिलेला दिसला, कीं तपासणाऱ्याला आनंद व्हावा. कारण दोहोंचा मेळ बसत नसेल, तर एक तरी चूक आहे, हें घरबसल्या कळतें. पुढें एके ठिकाणीं यशवंतराव चव्हाणांचा उल्लेख "मुंबई राज्याचे मुख्यमंत्री" असा होता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें; पुराच्या वेळीं चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अशी चूक अज्ञानानें होत नाहीं, संवयीनें होते. म्हणून ती लेखकाला स्वतःला कधींच दिसत नाहीं.

उलट एक चूक मीच करूं पाहत होतों. दुसऱ्या दिवशीं एका दुकानदारानें मेणबत्तीचे "चार आणे" घेतले, असें वाक्य होतें. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालीं, म्हणून मीं तेथें निळी रेघ ओढून "पंचवीस नये पैसे" असें सुचविलें. स्नेही हंसले. "अहो, आमच्या घरांत चार आणे हा शब्द माझ्या लग्नापर्यंत चालूं होता!" त्यांचें बरोबर होतें. नाणें बदललें, म्हणून बोली बदलत नाहीं. तपासणाऱ्यानें दुसऱ्याची जिवंत भाषा पुसून टाकूं नये, हा धडा मला त्या मेणबत्तीनें दिला.

याच दुकानदाराच्या नांवापुढें आणखी एक वाक्य होतें: त्यानें पुराच्या रात्रीं धान्य दुप्पट भावानें विकलें. आधार काय, तर "गल्लींत सगळे म्हणत." त्याचीं मुलेंनातवंडें आजहि त्याच पेठेंत त्याच आडनांवानें दुकान चालवितात. मेणबत्ती राहिली, नांव गेलें आणि धान्याचें तें वाक्यहि गेलें. यावर आमचा वाद झाला नाहीं. वाद झाला तो पुढच्या प्रकरणावर.

बाडांतील सर्वांत सुंदर परिच्छेद त्या रात्रीचा होता. पाणी ओसरलें आहे, दिवे नाहींत, माडीच्या खिडकींतून आई खालीं पाहते आहे आणि चांदण्यांत सारी गल्ली चांदीच्या चिखलानें भरलेली दिसते आहे. वाचतांना माझा श्वास रोखला गेला. आणि मग हातानें आपल्या संवयीनें "चांदण्यांत" या शब्दाखालीं निळी रेघ ओढली.

चंद्राला साक्षीला बोलावणें सोपें आहे. त्या वर्षीं ११ ऑगस्टला सूर्यग्रहण झालें. सूर्यग्रहण अमावास्येवांचून होत नाहीं. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सुमारें साडेएकोणतीस दिवस जातात. ११ ऑगस्टपासून तितके दिवस मागें मोजा. आपण १२ जुलैच्या रात्रीवर येऊन ठेपतां. पानशेतच्या पुराची रात्र अमावास्येची होती. आकाशांत ढग असोत वा नसोत, त्या रात्रीं पुण्यांत चांदणें पडणें शक्य नव्हतें.

हें मीं सांगितलें, तेव्हां माझे स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "माझी आई खोटें बोलत नसे." मीं म्हटलें, "त्या खोटें बोलल्या, असें पंचांग म्हणत नाहीं. त्या रात्रीं चंद्र नव्हता, एवढेंच म्हणतें." नंतरच्या आठवडाभरांतील कोणत्या तरी रात्रीचें चांदणें तिच्या आठवणींत मागें सरकलें असेल, एखादी बत्ती गल्लींतून गेली असेल. तें कळण्यास आतां मार्ग नाहीं. परिच्छेद गाळावयाचा कीं काय, अशी त्यांना धास्ती पडली होती. पण तपासणी म्हणजे गाळणी नव्हे. लेखक स्वतः सांगतो, "त्या रात्रीं चांदणें होतें", तेव्हां तें विधान त्याच्या अंगावर येतें. तोच जर म्हणाला, "आई सांगे, चांदणें होतें, पंचांग सांगतें, अमावास्या होती", तर दोन्ही विधानें खरीं होतात. परिच्छेद तसा बदलला. तो पूर्वींपेक्षां बरा झाला कीं वाईट, याबद्दल आमच्या दोघांत अद्याप एकमत नाहीं.

मृतांच्या आकड्याचें असेंच झालें. बाडांत एक मोठा वाटोळा आकडा निःशंकपणें दिला होता. अशा आपत्तींत सरकारी नोंद, संस्थांची मोजदाद आणि लोकांच्या तोंडचा आकडा हे तिन्ही निराळे असतात. वाहून गेलेला परगांवचा मजूर कोणाच्याच यादींत नसतो. तेथें कोणाचा आकडा, कोणत्या तारखेचा आणि त्यांत बेपत्ता धरले आहेत कीं नाहीं, एवढें लिहिलें म्हणजे लेखक सुटतो.

आतां तांबड्या पेन्सिलीकडे वळतों. येथें माझ्या स्नेह्यांची एक ठाम समजूत होती, आणि ती आपल्यापैकीं पुष्कळांची असेल: चित्राखालीं "सौजन्य" असें लिहून धन्याचें नांव घातलें, म्हणजे परवानगी मिळाली. नांव घालणें हा सभ्यपणा आहे. परवानगी ही निराळी वस्तु आहे. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं.

एका निवृत्त अभियंत्याच्या आठवणींच्या पुस्तकांतून दीड पान जसेंच्या तसें उतरून घेतलें होतें. किती शब्दांपर्यंत परवानगी लागत नाहीं, असें मला हटकून विचारतात. आपल्या १९५७ च्या कायद्यांत शब्दांचा असा आकडा कोठेंच नाहीं. टीका किंवा परीक्षण करण्यासाठीं, संशोधनासाठीं, चालू घडामोडी सांगण्यासाठीं केलेला रास्त वापर त्यांत माफ आहे. आणि रास्त किती, हें कामावरून ठरतें. अभियंत्याच्या विधानांची आपण छाननी करीत असलों, तर त्याचीं वाक्यें पुढें ठेवणें आलेंच. पण येथें तें दीड पान केवळ लेखकाचें लिहिण्याचें श्रम वांचवीत होतें. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, तेव्हां परवानगी तरी आणावी, नाहीं तर मजकूर आपल्या शब्दांत सांगून आधार द्यावा. आम्ही दुसरा मार्ग धरला. दीड पानाच्या दहा ओळी झाल्या, आणि दोन वाक्यें तेवढीं अवतरणांत ठेवलीं, कारण त्यांवर लेखकाला पुढें वाद घालावयाचा होता.

शेजारणीनें आईला लिहिलेलें एक पत्रहि पूर्ण छापावयाचें होतें. "पत्र आमच्याच पेटींत आहे, मग परवानगी कोणाची?" कागद तुमचा, शब्द लिहिणारीचे. पत्र ज्याला आलें त्याला तें जपून ठेवतां येतें, पण छापण्याचा अधिकार लिहिणाराकडे आणि त्याच्या मागें त्याच्या वारसांकडे असतो. शेजारणीच्या मुलानें आनंदानें होकार दिला. फक्त एका नणंदेविषयींचें वाक्य गाळावयास सांगितलें. गाळलें.

चौकशीच्या अहवालाविषयीं मात्र उगीच भीति बाळगूं नये. सरकारनें नेमलेल्या समितीचा किंवा आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढें ठेवला गेला असेल, आणि सरकारनें मनाई केली नसेल, तर त्यांतील मजकूर छापण्यास कायद्याची हरकत नाहीं.

आलेखाची गोष्ट थोडक्यांत. पाण्याची पातळी तासातासाला कशी चढली, हें दाखविणारा एक आलेख दुसऱ्याच्या पुस्तकांतून छायाचित्रण करून घेतला होता. आंकडे ही वस्तुस्थिति आहे, तिच्यावर कोणाची मालकी नाहीं. त्या आंकड्यांना दिलेलें चित्ररूप मात्र काढणाराचें. म्हणून आंकडे घेऊन आलेख नव्यानें काढावा आणि आंकड्यांचा आधार खालीं लिहावा, हें सरळ. आमच्या चित्रकारानें तो सुरेख काढला; फक्त उभ्या पट्टीवर मुळांत "फूट" होतें, तेथें त्यानें आधुनिकपणाच्या भरांत "मीटर" लिहिलें. एका मीटरांत सव्वातीन फुटांहून थोडें अधिक भरतें. म्हणजे एका शब्दानें पूर तिपटीहून मोठा झाला! नवा आलेख काढला, कीं तो जुन्याशीं नव्हे, मूळ आंकड्यांच्या तक्त्याशीं ताडून पाहावा, आणि पट्टीवरचें परिमाण सर्वांआधीं.

राहिलीं छायाचित्रें. तीं सतरा होतीं. आधीं तीं खरोखर त्याच प्रसंगाचीं आहेत ना, हें पाहिलें. भिंगाखालीं एकांतल्या दुकानाच्या पाटीचीं अक्षरें उलटीं दिसलीं, म्हणजे काच उलटी धरून छापलें होतें. पाटी नसती, तर माणसांच्या सदऱ्याचा खिसा डाव्या बाजूस आहे कीं उजव्या, हें पाहून कळलें असतें. दुसऱ्या एका चित्रांत मागें एक उंच इमारत होती. ती पुराच्या वेळीं बांधलेलीच नव्हती, असें पेठेंतल्या दोन वृद्धांनीं निरनिराळें विचारतां सांगितलें. तें चित्र कोणत्या तरी पुढच्या पुराचें. काढून टाकलें.

हक्काच्या बाबतींत कोणतें चित्र कोणीं, कोणासाठीं काढलें, यावर सारें अवलंबून असतें. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढविलेलें कुटुंबाचें चित्र, निराळा करार नसेल तर, काढविणाराचें. कोणी हौशी माणसानें काढलें असेल, तर त्याचें. वर्तमानपत्राच्या पगारी छायाचित्रकारानें काढलेलें चित्र मात्र भल्याभल्यांना फसवितें. वर्तमानपत्रांत किंवा मासिकांत छापण्यापुरता हक्क मालकाचा. इतर सर्व बाबतींत, म्हणजे पुस्तकांतसुद्धां, करार नसेल तर पहिला हक्क छायाचित्रकाराचा, असें कायदा सांगतो. आमच्या मुखपृष्ठावरचें चित्र असेंच होतें. एका वृत्तपत्राच्या कचेरीनें शुल्क घेऊन तात्काळ पत्र दिलें होतें. त्यांच्याकडे छायाचित्रकाराचा करार आहे काय, असें विचारल्यावर मात्र दोन महिने उत्तर आलें नाहीं, आणि मग "जुने कागद उपलब्ध नाहींत" असें आलें.

"पासष्ट वर्षें होत आलीं, आतां हक्क कसला?" असा स्नेह्यांचा पुढचा प्रश्न. पूर्वीं छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें टिके. त्या हिशेबानें हें चित्र २०२१ अखेर मोकळें झालें असतें. परंतु २०१२ मध्यें कायदा बदलला आणि छायाचित्रालाहि काढणाराचें आयुष्य व त्यापुढें साठ वर्षें अशी मुदत मिळाली. २०१२ मध्यें हा हक्क जिवंत होता, म्हणून तो वाढला. समजा, छायाचित्रकार १९८५ मध्यें वारला असेल, तर २०४५ च्या अखेरीपर्यंत विचारावें लागेल. धन्याचा पत्ताच लागत नसेल, तर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन न्यायालयाकडे जाण्याची वाट कायद्यानें ठेवली आहे. पण एका चित्रासाठीं ती वाट कोणी चालल्याचें मीं पाहिलें नाहीं. लोक चित्र बदलतात. आणि पत्राला उत्तर न येणें म्हणजे संमति, ही समजूत तर अजिबात बाळगूं नये.

परवानगीच्या पत्रांत काय असावें, हें मीं स्नेह्यांना लिहून दिलें: कोणतें चित्र, कोणत्या पुस्तकांत, आंत कीं मुखपृष्ठावर, कोणत्या भाषेंत, पहिल्याच आवृत्तींत कीं पुढच्या सर्व, छापील कीं संगणकावर वाचावयाचेंहि, कोणत्या देशांत, किती वर्षें, शुल्क किती, आणि श्रेयाची ओळ नेमक्या कोणत्या शब्दांत. देश आणि वर्षें हीं दोन घरें रिकामीं ठेवूं नयेत. मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पांच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर केवळ भारत धरतो. लेखक सहाव्या वर्षीं दुसरी आवृत्ति काढतो आणि त्याच्या हातांतलें पत्र तोंवर कोरा कागद झालेलें असतें. तोंडी होकारावर तर विसंबूंच नये. परवाना लेखी पाहिजे.

मुखपृष्ठाच्या त्या छायाचित्रकाराचा शोध पेठेंतल्याच एका जुन्या चौकटीवाल्यानें लावून दिला. छायाचित्रकार कधींच वारले होते. त्यांची मुलगी आज सत्तरीच्या घरांत, नाशकास राहते. माझ्या स्नेह्यांनीं पत्र पाठविलें, आणि दहा दिवसांनीं सही केलेलें परवानगीपत्र आलें. शुल्काच्या जागीं बाईंनीं "पुस्तकाची एक प्रत" असें लिहिलें होतें. श्रेयाच्या ओळींत वडिलांचें नांव पूर्ण घालावें, कारण त्या वेळीं वर्तमानपत्रानें तें छापलें नव्हतें, अशी विनंती होती. सोबत मूळ प्रतीच्या मागच्या बाजूचें चित्र होतें. त्यावर पेन्सिलीनें, वडिलांच्या अक्षरांत, तारीख होती: १३ जुलै.

आमच्या हस्तलिखितांत त्या चित्राखालीं १२ जुलै होतें. मीं भिंग घेऊन पुन्हां पाहिलें. रस्त्यावर पाणी नव्हतें; चिखल होता आणि त्यांत पावलें उमटलेलीं होतीं. चार महिने तें चित्र आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होतें. मीं निळी पेन्सिल उचलली आणि तारीख बदलली.